‘केमिकल फ्री’ गुळाच्या पाकिटावरील दाव्यांबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : गुळाच्या पाकिटावरील व जाहिरातीतील दिशाभूल करणारे दावे मागे घेण्याबाबत

महोदय,

तुमच्या कंपनीचा एक किलो गुळाचा पुडा मी गेल्या महिन्यात कोल्हापुरातल्या दुकानातून घेतला. मार्केट यार्डात मिळणाऱ्या चांगल्या गुळाच्या दुपटीहून जास्त पैसे मोजले, कारण पाकिटावर मोठ्या हिरव्या अक्षरांत तीन गोष्टी छापल्या आहेत : ‘१०० टक्के केमिकल फ्री’, ‘पर्यावरणपूरक प्रक्रिया’ आणि ‘निसर्गात विरघळणारं पाकीट’. गूळ चवीला चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार या तीन ओळींबद्दल आहे. माझं माहेर करवीर तालुक्यातलं, घरचं गुऱ्हाळ होतं, त्यामुळे काहिलीत काय पडतं आणि का पडतं हे मी लहानपणापासून पाहिलेलं आहे.

आधी ‘केमिकल फ्री’. तुमच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून मी सरळ विचारलं, की रसात काय घालता? तिकडच्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितलं, “मॅडम, भेंडी आणि थोडा चुना, तेवढंच.” त्याचं उत्तर मला आवडलं. पण मग पाकिटावरची ओळ खोटी ठरते. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साईड, आणि तो रसायनच आहे. तो घालण्यात लपवण्यासारखं काहीही नाही. उसाचा रस चवीला गोड असला तरी मुळात किंचित आम्लधर्मी असतो. चुन्याने आंबटपणा उतरतो, मळी नीट सुटते आणि रवा घट्ट बसतो. जास्त झाला तर गूळ काळपट पडतो, म्हणून चांगला गुळव्या हात राखूनच चुना घालतो. भेंडीचं खोड ठेचून पाण्यात चोळलं की जो चिकट रस निघतो, तो तापत्या रसातली घाण वर आणतो आणि ती झाऱ्याने काढता येते. ही चांगली, जुनी पद्धत आहे. तिच्यावर ‘केमिकल फ्री’चा शिक्का मारून तुम्ही ती झाकून टाकलीत.

ग्राहकाला खरी भीती चुन्याची नसतेच. ती असते हायड्रॉसची, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाईट या पांढऱ्या पावडरीची. ती गुळाचा रंग उडवून त्याला पिवळाधमक करते आणि मागे सल्फर डायऑक्साईडचा अंश ठेवते. हा रंग टिकत नाही, काही आठवड्यांत गूळ पुन्हा मळकट होत जातो. तुमचा गूळ घेतला तेव्हा सोनेरी होता आणि आता घट्ट झाकणाच्या डब्यात असूनही तपकिरी झाला आहे. यावरून तुम्ही हायड्रॉस वापरता असा आरोप मी करत नाही. उसाची जात, जमीन आणि हवेतला ओलावा यांनीही रंग बदलतो, आणि काळ्या, क्षारपड रानातल्या उसाचा गूळ काहीही न घालता गडद निघतो. नुसत्या रंगावरून कुणालाही काही सिद्ध करता येत नाही, प्रयोगशाळेचा अहवालच लागतो. म्हणून पाकिटावरचा क्यूआर कोड उघडला. तो तुमच्या विक्रीच्या पानावर गेला. तिथे उसाच्या फडाचे फोटो आहेत, अहवाल एकही नाही.

‘पर्यावरणपूरक प्रक्रिया’ याचा अर्थ काय, हे पाकिटावर कुठेच लिहिलेलं नाही. ऊस कसा पिकवला याबद्दल आहे, जळणाबद्दल आहे, की वाहतुकीबद्दल? फोनवर कळलं, की तुम्ही चुलवाणात वाळलेलं चिपाड जाळता. पण चिपाड तर कोल्हापूरच्या गुऱ्हाळांवर पिढ्यान्‌पिढ्या जाळलं जातं. सगळे करतात ते फक्त आपणच करतो असं भासवणं हीसुद्धा दिशाभूलच. शिवाय चिपाडाचाही धूर होतोच. बाहेरचं इंधन आणत नसाल तर तेवढंच लिहा, ते खरं आहे आणि पुरेसं आहे.

आता पाकीट. बाहेरून ते खाकी कागदाचं दिसतं. मी त्याचा एक तुकडा कापून रात्रभर पाण्यात भिजत घातला. सकाळी कागद बोटाने सुटून आला आणि आतून चकचकीत, पारदर्शक पापुद्रा निघाला, जो ताणल्यावर फाटण्याआधी लांबत होता. आता कंपोस्ट होणारा पापुद्राही दिसायला असाच असू शकतो, हे मला माहीत आहे. तसा असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र तुमच्याकडे असायला हवं आणि त्याचा उल्लेख पाकिटावर असायला हवा. तो नाही. आणि प्रमाणपत्र असलं तरी ‘निसर्गात विरघळणारं’ हे शब्द चालणार नाहीत. असं बरंचसं प्लास्टिक मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातल्या साधारण ५८ अंश सेल्सियसच्या उष्णतेत कुजतं. परसातल्या खड्ड्यात किंवा पंचगंगेच्या काठावर ती उष्णता टिकून मिळत नाही. तुमची ओळ वाचून कुणी ते पाकीट नदीकाठी टाकलं, तर त्याला ते विरघळेल असंच वाटणार.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा हरित दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यानुसार ‘पर्यावरणपूरक’, ‘नैसर्गिक’ असे मोघम शब्द नुसते वापरता येत नाहीत. दावा वस्तूबद्दल आहे, प्रक्रियेबद्दल की वेष्टनाबद्दल, हे सांगावं लागतं आणि त्याचा पुरावा ग्राहकाला पाहता येईल असा ठेवावा लागतो. तुमच्या जाहिरातीत ‘नैसर्गिक’ हाही शब्द येतो. त्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे जाहिरात व दाव्यांचे नियमही पाहा. त्यात हा शब्द मुळात काही न मिसळलेल्या पदार्थासाठी राखलेला आहे.

तुमच्या मालात दम आहे, म्हणून काय छापता येईल तेही सुचवते. यातलं जे खरं असेल तेवढंच ठेवा :

‘उसाचा गूळ. मळी काढण्यासाठी भेंडीचा रस आणि आंबटपणा कमी करण्यासाठी खाण्याचा चुना वापरला आहे. रंगासाठी हायड्रॉस वापरलेलं नाही. या बॅचचा सल्फर डायऑक्साईड तपासणी अहवाल क्यूआर कोडवर पाहा. ऊस आणि जमिनीनुसार गुळाचा रंग बदलतो. जळण म्हणून याच उसाचं वाळलेलं चिपाड वापरलं आहे. पाकीट बाहेरून कागदाचं, आतून प्लास्टिकचं आहे, ते सुक्या कचऱ्यात टाका.’

हे वाचून मी तुमचा गूळ पुन्हा घेईन, आणि गडद निघाला तरी घेईन.

माझ्या मागण्या अशा. माझ्या पुड्याच्या बॅचचा सल्फर डायऑक्साईडचा अहवाल आणि आतल्या पापुद्र्याचं प्रमाणपत्र, असेल तर, मला पाठवा. नसेल तर तिन्ही दावे पाकिटावरून, दुकानातल्या फलकांवरून आणि ऑनलाइन जाहिरातींतून काढा, आणि छापून पडलेल्या पाकिटांवर दुरुस्तीची पट्टी चिकटवा. पुड्याचे पैसेही परत करा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देईन.

सोबत बिलाची प्रत, पाकिटाच्या चारही बाजूंचे फोटो आणि भिजवलेल्या तुकड्याचा फोटो जोडला आहे. उरलेला गूळ आणि पाकीट तपासणीसाठी जपून ठेवलं आहे.

कळावे,
आपली ग्राहक,
शाहूपुरी, कोल्हापूर