गेलेल्या सहकाऱ्याचे टार्गेट कोणाच्या माथी?

महोदय,

सांगली-मिरजेत कर्जवसुली पथकातला एखादा सहकारी अचानक गेला, की काही दिवसांतच त्याची खाती उरलेल्यांत वाटली जातात. ६ जणांकडे प्रत्येकी २० खाती असतील, तर आता ५ जणांकडे २४ होतात. ऐन दुःखात काम पाचव्या हिश्श्याने वाढते. त्यात प्रत्येक दारी ‘ते दादा का नाही आले?’ याचे उत्तर द्यायचे. सर्वांत जड हेच जाते. मग भेटी टाळल्या जातात, पावत्यांच्या नोंदी चुकतात आणि वरिष्ठांना तो आळस वाटतो.

त्या महिन्याच्या टार्गेटमधून गेलेल्याचा वाटा पूर्ण वगळावा. कर्जदारांना बातमी शाखेनेच आधी फोनवर कळवावी. एका सहकाऱ्याला वसुलीतून मोकळे करून घरच्यांच्या मदतीला द्यावे. पीएफसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी १०-डी, विम्यासाठी ५-आयएफ भरावा लागतो. नोकरीत असताना मृत्यू झाल्यास पीएफ सदस्याच्या वारसांना मिळणारा हा विमा कमाल ७ लाखांचा असतो. अनेक कुटुंबांना तो माहीतच नसतो. वारसनोंद नसेल तर कागदपत्रे वाढतात, म्हणून ती आधी तपासावी.

– एक वसुली कर्मचारी, सांगली