‘राष्ट्रीय सुरक्षा’ म्हटले की विषय संपत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निर्यातबंदीवरील आपला गेल्या आठवड्यातील अग्रलेख वाचला. कांद्याची निर्यातबंदी आणि चीनने चुंबकांवर लावलेले परवाने या दोन्ही गोष्टी त्यात एकाच ओळीत आल्या आहेत. पुढे असेही म्हटले आहे की, एकदा देशाने राष्ट्रीय सुरक्षेचे कारण दिले की जागतिक व्यापार संघटनेत त्याला कोणी काही विचारू शकत नाही. माझे सारे आयुष्य आयात-निर्यातीच्या कागदपत्रांत गेले. आधी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कचेरीत आणि नंतर न्हावा शेव्याला होतो. म्हणून ही दोन्ही विधाने दुरुस्त करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी कांदा. ८ डिसेंबर २०२३ची सकाळ मला स्पष्ट आठवते. आदल्या दिवशी बंदीची अधिसूचना निघाली होती आणि उरणच्या रस्त्यावर कांद्याचे रीफर कंटेनर मशीन चालू ठेवून उभे होते. अधिसूचनेपूर्वी माल कस्टम्सच्या ताब्यात गेला असेल तर तो सोडायची सवलत होती. त्यामुळे दिवसभर आम्ही एकच गोष्ट शोधत होतो: कोणत्या गाडीची गेटवरची नोंद किती वाजताची आहे. चार तासांच्या फरकाने एकाचा माल दुबईला गेला आणि दुसऱ्याचा नाशिकला परतला. पण त्या बंदीला सुरक्षेचे कारण नव्हते. देशात भाव चढू नयेत आणि माल पुरावा हा तिचा हेतू होता. जागतिक व्यापार संघटनेचे मालाच्या व्यापाराचे मूळ नियम गॅट करारात आहेत. त्याचे कलम ११ निर्यातीवर बंदी किंवा मर्यादा घालू देत नाही. मात्र अन्नधान्यासारख्या आवश्यक वस्तूंची गंभीर टंचाई टाळण्यासाठी तात्पुरती बंदी घालायला तेच कलम परवानगी देते. टंचाई गंभीर होती का आणि बंदी तात्पुरती होती का, हे दोन्ही प्रश्न बाहेरचा माणूस तपासू शकतो. कांद्याचा विषय एवढाच.

चीनचे प्रकरण वेगळे आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने डिस्प्रोसियम, टर्बियम, सॅमेरियम यांसह सात दुर्मीळ मूलद्रव्ये आणि त्यांपासून बनणारी चुंबके यांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. कारण दिले ते राष्ट्रीय सुरक्षेचे आणि शस्त्रप्रसार रोखण्याच्या बांधिलकीचे. वसईतल्या माझ्या एका ओळखीच्या कारखानदाराला मोटरींसाठी ही चुंबके लागतात. त्याच्यासमोर आलेला अंतिम वापराचा दाखला मी स्वतः वाचला. माल नेमका कुठे बसणार, कोण वापरणार, लष्करी कामासाठी जाणार नाही याची हमी, असे सगळे त्यात लिहून द्यायचे होते. चुंबके आगपेटीएवढी, पण त्यांच्यासाठीची फाइल बोटभर जाड झाली. ‘काका, हे असं करायचा त्यांना हक्क आहे का?’ असे त्याने मला विचारले. आपल्या अग्रलेखाचे उत्तर ‘हो, आणि विचारूही नये’ असे आहे. खरे उत्तर इतके सोपे नाही.

सगळा वाद गॅटच्याच कलम २१ मधल्या एका वाक्यावर आहे. स्वतःच्या अत्यावश्यक सुरक्षाहितासाठी देशाला ‘स्वतःला आवश्यक वाटेल’ अशी कृती करण्यापासून हा करार रोखत नाही, असे ते वाक्य म्हणते. ‘स्वतःला वाटेल’ या शब्दांमुळे त्याला स्वनिर्णयाचे कलम म्हणतात. पण वाक्य तिथे संपत नाही. त्याला तीन पोटकलमे जोडलेली आहेत. कृती अणुभंजनक्षम पदार्थांबाबत हवी, किंवा शस्त्रास्त्रांच्या आणि लष्कराच्या पुरवठ्यासाठी प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष चालणाऱ्या मालाच्या व्यापाराबाबत हवी, किंवा युद्धाच्या अथवा आंतरराष्ट्रीय संबंधांतील आणीबाणीच्या काळात केलेली हवी. ‘स्वतःला वाटेल’ हे शब्द या तीन अटींनाही लागू होतात का, हा खरा प्रश्न.

त्याचे उत्तर पहिल्यांदा ५ एप्रिल २०१९ रोजी मिळाले, युक्रेनने रशियाविरुद्ध नेलेल्या प्रकरणात. युक्रेनचा माल रस्त्याने किंवा रेल्वेने कझाकस्तानला जाताना थेट रशियात शिरत असे. १ जानेवारी २०१६ पासून रशियाने तो मार्ग बंद केला. माल बेलारूसमार्गेच यायचा, ठरलेल्या नाक्यावर सील लागायचे आणि चालकाजवळ नोंदणी कार्ड हवे, असा नियम आला. काही मालाची वाहतूक तर पूर्णच बंद झाली. असे तंटे ऐकायला संघटना पॅनेल नेमते. त्या पॅनेलपुढे रशियाने सांगितले की आम्ही कलम २१ पुढे केले आहे, तुम्हाला पुढे काही बघण्याचा अधिकारच नाही. या मुद्द्यावर अमेरिकाही रशियाच्या बाजूने बोलली, हे इथे नोंदवायला हवे.

पॅनेलने ते ऐकले नाही, आणि त्यांनी काम कसे केले ते समजून घेण्यासारखे आहे. आणीबाणी आहे की नाही ही वस्तुस्थितीची बाब आहे, एखाद्या देशाला काय वाटते यावर ती ठरत नाही, असे त्यांनी म्हटले. सशस्त्र संघर्ष, दबा धरून असलेला संघर्ष, वाढलेला तणाव किंवा देशाला वेढणारी अस्थिरता असेल तर आणीबाणी. नुसते राजकीय किंवा आर्थिक मतभेद त्यात बसत नाहीत. २०१४ पासून दोन्ही देशांत काय चालले होते ते जगाला दिसत होते, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावांतही ते आले होते. मग तारखा पाहिल्या: निर्बंध त्याच काळातले होते. हे झाल्यावर मात्र पॅनेलने हात आखडता घेतला. सुरक्षाहित कोणते आणि त्यासाठी काय आवश्यक, हे देशाने ठरवायचे. फक्त ते प्रामाणिकपणे ठरवलेले असावे आणि कृतीचा त्या आणीबाणीशी काही तरी पटण्याजोगा संबंध असावा. परिस्थिती युद्धापासून जितकी दूर, तितके देशाने आपले हित अधिक स्पष्ट करून सांगायला हवे. इथे संघर्ष सीमेवरच होता. त्यामुळे थोडक्यात सांगितलेलेही पुरले आणि रशिया जिंकला.

पाहण्याचा अधिकार पॅनेलने घेतला, पण निकाल रशियाच्या बाजूने दिला. म्हणूनच हा निकाल मला विश्वासार्ह वाटतो.

ही चाळणी पोकळ नाही, हे पुढच्या वर्षी दिसले. कतारने सौदी अरेबियाविरुद्ध नेलेल्या प्रकरणात, बौद्धिक संपदेच्या करारातील तशाच कलमाखाली, पॅनेलने ५ जून २०१७ रोजी संबंध तुटल्यापासून आणीबाणी होती हे मान्य केले. कतारच्या क्रीडावाहिनीला सौदी वकील मिळू न देणे त्या आणीबाणीशी जुळत होते, म्हणून ते चालले. पण तिची प्रक्षेपणे चोरणाऱ्या वाहिनीवर सौदीने फौजदारी कारवाई केली नाही, त्याचा सुरक्षेशी कसलाही संबंध पॅनेलला दिसला नाही. एकाच कलमाखाली एक कृती उत्तीर्ण झाली आणि दुसरी नापास. नंतर ९ डिसेंबर २०२२ रोजी पोलाद व अ‍ॅल्युमिनियमवरील अमेरिकी शुल्कांच्या प्रकरणांत पॅनेलने सांगितले की जगात पोलादाचे उत्पादन जास्त झाले म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंधांतील आणीबाणी होत नाही. आपणही तो वाद नेला होता. तो २०२३ मध्ये समझोत्याने मिटला आणि बदाम, सफरचंद, अक्रोडावरचे आपले जादा शुल्क निघाले, त्यामुळे भारताच्या नावावर निकाल नाही.

आता वसईच्या चुंबकांकडे येतो. समजा भारताने तक्रार केली. परवाना देणे न देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असेल तर कलम ११ची अट मोडली जाते, हे सिद्ध करणे फारसे अवघड नाही. चीन मग कलम २१ काढेल. त्याने आणीबाणीचे पोटकलम पुढे केले तर त्याची बाजू लंगडी ठरेल. हे परवाने सगळ्या देशांसाठी आहेत आणि ते अमेरिकेच्या २ एप्रिलच्या शुल्कघोषणेनंतर दोन दिवसांत आले. शुल्काचे भांडण म्हणजे आणीबाणी नव्हे. गलवानचा तणाव चीनने काढला तरी जगभर लागू केलेल्या नियमाला तो जोडता येणार नाही, असे मला वाटते.

लष्करी पुरवठ्याचे पोटकलम मात्र चीनला बरेच जवळचे आहे, हे मान्य केले पाहिजे. हीच चुंबके क्षेपणास्त्रांत आणि लढाऊ विमानांत जातात. परवान्यांचा मार्गही जुना आहे. १९४९ मध्ये अमेरिकेने निर्यात परवाने नाकारले म्हणून चेकोस्लोव्हाकियाने तक्रार केली होती. सभासदांनी ती १७ विरुद्ध १ मतांनी फेटाळली, तिघे तटस्थ राहिले. अलीकडचे निकाल मात्र सारे आणीबाणीच्या पोटकलमावर आहेत. म्हणून माझ्या मते परवाना लावण्याचा हक्क चीन वाचवू शकेल. पंपाच्या मोटरीसाठी, दाखल्यासकट केलेला अर्ज महिनोन्‌महिने पडून ठेवण्याचा हक्क वाचवणे त्याला कठीण जाईल. इथे पुरावा एकच गोष्ट देते: परवाने केव्हा सुटतात. लष्करी वापराची शंका फिटल्यावर सुटत असतील तर ती सुरक्षा. जून २०२५ मध्ये लंडनला अमेरिकेशी बोलणी झाल्यावर तिकडचा पुरवठा मोकळा करण्याचे ठरले. व्यापाराच्या वाटाघाटीवर नळ उघडत-बंद होत असेल तर प्रामाणिकपणाची कसोटी चीनला जड जाईल. म्हणून माझी त्या कारखानदाराला आणि त्याच्यासारख्या सगळ्यांना विनंती आहे: प्रत्येक अर्जाची तारीख, प्रत्येक शंका आणि प्रत्येक उत्तर जपून ठेवा.

आपली बाजूही पाहिली पाहिजे. २ मे २०२५ रोजी आपण पाकिस्तानचा माल, तिसऱ्या देशामार्गे येणाराही, राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने बंद केला. न्हावा शेव्याला असे कंटेनर पकडलेही गेले. पहलगामनंतरच्या त्या दिवसांत आणीबाणी होती की नाही हे कोणत्याही पॅनेलला दाखवता येईल. म्हणजे तपासणीची ही रीत आपल्याला अडचणीची नाही. ती आपल्या उपयोगाची आहे.

अडचण दुसरीकडे आहे, आणि आपल्या अग्रलेखात तिचा उल्लेख नव्हता. डिसेंबर २०१९ पासून संघटनेचे अपील मंडळ बंद आहे. पॅनेलसमोर हरलेला देश तिथे अपील टाकतो आणि निकाल अधांतरी राहतो. पोलादाच्या निकालांवर अमेरिकेने जानेवारी २०२३ मध्ये तेच केले. आपणही साखरेच्या प्रकरणात तेच केले. काही देशांनी आपसात लवादाची पर्यायी व्यवस्था उभी केली आहे. चीन तिच्यात आहे, भारत नाही. तेव्हा आपण चीनविरुद्ध जिंकलो तरी तो निकाल त्याच रिकाम्या मंडळापुढे जाऊन पडेल. भारताने त्या व्यवस्थेत जावे की नाही, यावर आपल्या पानांवर चर्चा व्हावी ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई