खांब ठोकतात, ओतत नाहीत

समुद्रातल्या पवनचक्क्यांवरचा लेख वाचला. पाया ‘काँक्रीट ओतून’ बांधतात, हे सरसकट खरं नाही. उत्तर समुद्रात बहुतेक ठिकाणी सात-आठ मीटर व्यासाचा पोकळ पोलादी नळा असतो. जहाज बहुधा आधी स्वतःचे पाय तळावर टेकवून पाण्याबाहेर उचललं जातं, मग क्रेन नळा उभा करते. तो स्वतःच्या वजनानं थोडा रुततो. पुढचं काम हायड्रॉलिक हातोड्याचं. आतली-बाहेरची माती नळ्याला धरून ठेवते. दर पाव मीटरला किती ठोके लागले, हे मोजत राहतात. आकडा एकदम घसरला की समजावं, खाली मऊ चिखल आहे. तिथं नळा हातोड्यासकट काही मीटर धाडकन खाली जातो.

– एक वाचक, उरण