'80 ते 125' म्हणजे काय, ते नीट छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातला जेनेरिक औषधांवरचा लेख वाचला. 'जेनेरिक गोळीत औषध 20 टक्के कमी किंवा 25 टक्के जास्त असले तरी ती पास होते' हे वाक्य तुम्ही चौकटीत, ठळक अक्षरांत छापले आहे. ते साफ चूक आहे. ते वाचून एखाद्याने रक्तदाबाची किंवा फिटची गोळी मध्येच बंद केली, तर त्याला जबाबदार कोण?

गोळीत औषध किती आहे, हे वेगळ्याच चाचणीत तपासतात. बहुतेक गोळ्यांना लेबलवरच्या आकड्याच्या 90 ते 110 टक्के किंवा त्याहूनही अरुंद मर्यादा असते आणि ती ब्रँडेड व जेनेरिक दोघांना सारखीच लागू होते. 80 ते 125 टक्के हा आकडा मूळ गोळीच्या तुलनेत जेनेरिकमधून रक्तात काय पोहोचले, त्याचा आहे. ही तुलना करणाऱ्या चाचणीला बायोइक्विव्हॅलन्स चाचणी म्हणतात.

समजा 24 निरोगी स्वयंसेवक घेतले. रात्रभर उपाशी ठेवून सकाळी निम्म्यांना मूळ गोळी देतात, निम्म्यांना जेनेरिक, सोबत साधारण 240 मिलिलिटर पाणी. मग ठरलेल्या वेळांना रक्त घेत राहतात. पहिले औषध शरीरातून पुरते निघून जाईल इतके दिवस थांबून गोळ्यांची अदलाबदल होते, त्यामुळे प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याशीच होते. रक्तातल्या पातळीचा आलेख काढला की त्याखालचे क्षेत्रफळ, म्हणजे एयूसी, एकूण किती औषध पोहोचले ते सांगते. आलेखाचे शिखर, म्हणजे सीमॅक्स, पातळी कुठवर चढली ते सांगते.

लेखकाची गफलत इथून पुढे झाली. दोन गोळ्यांच्या सरासरीचे गुणोत्तर 80 ते 125 मध्ये आले, एवढ्याने भागत नाही. त्या गुणोत्तराभोवतीचा 90 टक्के विश्वासांतराल, म्हणजे खरे गुणोत्तर ज्या दोन टोकांमध्ये असल्याची 90 टक्के खात्री धरतात तो पट्टा, अख्खा त्या मर्यादेत बसावा लागतो, एयूसीसाठीही आणि सीमॅक्ससाठीही. एकाच माणसात एका वेळेपासून दुसऱ्या वेळेपर्यंत होणारा फरक 20 टक्के धरा. 24 जणांत गुणोत्तर 95 टक्के आले, तर अंतराल साधारण 86 ते 105 येतो आणि गोळी पास होते. 85 टक्के आले, तर अंतराल 77 ते 94. खालचे टोक 80 च्या बाहेर गेले, गोळी नापास. 82 टक्क्यांची गोळी पास करून घ्यायला साडेतीनशेच्या आसपास स्वयंसेवक लागतील. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 1996 ते 2007 मधले 2,070 अभ्यास तपासले, तेव्हा मूळ आणि जेनेरिक औषधांतला सरासरी फरक एयूसीत 3.56 टक्के आणि सीमॅक्समध्ये 4.35 टक्के निघाला.

फसलेले उदाहरणच हवे होते, तर बुडेप्रिऑन एक्सएलचे द्यायचे. नैराश्यावरच्या बुप्रोपिऑनची ही हळूहळू विरघळणारी जेनेरिक गोळी. 300 मिलिग्रॅमच्या मात्रेत निरोगी माणसांना झटके येण्याचा धोका, म्हणून चाचणी फक्त 150 च्या गोळीवर झाली आणि त्या आधारावर 300 च्या गोळीलाही 2006 मध्ये मंजुरी मिळाली. मूळ आणि जेनेरिक गोळ्यांची औषध सोडण्याची पद्धत मात्र वेगळी होती. गोळी बदलल्यावर त्रास परतला, अशा रुग्णांच्या तक्रारी आल्या. शेवटी एफडीएने स्वतः 24 जणांवर 300 ची चाचणी करवली. सीमॅक्स मूळच्या 75 टक्के, एयूसी 86 टक्के. 2012 मध्ये ती गोळी बाजारातून गेली. तिथे निकष ढिला नव्हता. त्या गोळीला तो लावलाच गेला नव्हता.

आपल्याकडेही विचारायचा प्रश्न तोच आहे आणि तुमच्या लेखात तो कुठेच नाही. एखादे औषध देशात मंजूर होऊन चार वर्षे झाली, की ते 'नवे' राहत नसे. मग राज्याचे औषध प्रशासन बायोइक्विव्हॅलन्सचा अहवाल न मागताही परवाना देऊ शकत होते. पाण्यात कमी विरघळणाऱ्या, म्हणजे बीसीएस वर्ग 2 आणि 4 मधल्या, तोंडाने घ्यायच्या औषधांना नव्या परवान्यासाठी हा अहवाल एप्रिल 2017 पासून सक्तीचा झाला. त्याआधी परवाना मिळालेल्यांपैकी किती गोळ्यांची चाचणी झाली होती? पाकिटावर हे लिहिलेले नसते, त्यामुळे डॉक्टरला कळत नाही आणि दुकानदारालाही नाही. तुमच्या वार्ताहरांनी मुंबईत अन्न व औषध प्रशासनाकडे चाचणी झालेल्या गोळ्यांची यादी मागावी.

शिवाय लेखासोबतच्या आलेखात आडव्या अक्षावर तास की मिनिटे, हेही छापलेले नाही. दोन रेघा एकमेकींपासून लांब दाखवून घाबरवण्यापलीकडे त्याचा उपयोग काय? चौकटीतल्या वाक्याची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी, ही विनंती.

आपला,
एक औषधनिर्माण अभ्यासक, पुणे