आंब्याच्या पल्पचा हिशेब

रत्नागिरी

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

निवृत्त होऊन घरी बसलेल्या माणसाला सल्लागाराचे काम मिळाले तरी कसे, असे तू परवा फोनवर विचारलेस. तुझी आई मध्येमध्ये बोलत होती, म्हणून आता नीट लिहितो.

पहिला प्रयत्न माझ्याच चुकीने फसला. बँकेतल्या जुन्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटात मी माझी सगळी माहिती टाकली आणि ‘काही काम असल्यास कळवावे’ असे लिहिले. पंधरा-वीस जणांनी नुसते हात जोडले. नंतर मी आठवड्याला दोघांनाच फोन करू लागलो, तेही ज्यांच्याबरोबर खरोखर काम केले होते अशांनाच, आणि काम न मागता एवढेच विचारू लागलो, की हल्ली लहान उद्योगांची कर्जप्रकरणे कुठे अडतात. जुन्या शाखेत अजून खुर्चीवर असलेल्यांना मात्र मुद्दाम टाळले, कारण उद्या मी तयार केलेली फाइल त्यांच्याच टेबलावर गेली तर त्यांची पंचाईत झाली असती.

तिसऱ्याच फोनला एक जण मोकळा झाला. देवगडला माझ्याबरोबर कर्ज विभागात होता, आता एका सीएच्या कार्यालयात बसतो. त्याच्याकडे आंब्याच्या पल्पच्या एका कारखान्याचे प्रकरण होते. वार्षिक विक्री 2 कोटींची, म्हणून बँकेने विक्रीच्या 20 टक्के, म्हणजे 40 लाखांपर्यंत लागेल तसे उचलून परत भरायची कॅश क्रेडिट मर्यादा दिली होती. माल वर्षभर सारखा फिरतो अशा धंद्याला हा हिशेब पुरतो. इथे मात्र फळ, डबे आणि मजुरी मिळून 1 कोटी 20 लाख रुपये एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंतच लागत, आणि पल्प विकला जाई पुढे वर्षभर. खातेउतारा पाहताच दुखणे कळले: मे महिन्यात खाते मर्यादेला टेकलेले आणि बागायतदारांचे पैसे थकलेले, तर फेब्रुवारीत तीच मर्यादा जवळजवळ न वापरता पडून. मी महिनावार रोख अंदाजपत्रक मांडले. मालकाचे 30 लाख, हंगामात बँकेचे 90 लाख, आणि साठा विकला जाईल तशी ती मर्यादा उतरत फेब्रुवारीत 20 लाखांवर. बँकेने 80 लाख मान्य केले. उरलेले मालकाने डबेवाल्याच्या उधारीवर भागवले.

मंजूर कर्जावर टक्केवारी देऊ का, असे मालकाने विचारले. मी दिवसाचे ठरावीक मानधन घेतो. टक्केवारी घेतली की मर्यादा फुगवण्याचा मोह होतो, आणि असे फुगवलेले प्रस्ताव मी टेबलाच्या पलीकडून पुष्कळ पाहिले आहेत.

काम झाल्यावर काय झाले ते त्या सहकाऱ्याला कळवले. काल त्याचाच फोन आला. हर्णैच्या एका बर्फ कारखान्याचे प्रकरण आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तरी मुदत कर्जाचा हप्ता बारा महिने सारखाच लावलेला. सोमवारी सकाळच्या एसटीने जाऊन कागद पाहणार आहे.

तुझा,
बाबा