वृद्धाश्रमातील फ्लू : औषधासाठी अहवालाची वाट पाहू नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वृद्धाश्रमात फ्लू शिरला की व्यवस्थापन आधी भेटी बंद करते, आणि औषधाचा निर्णय मात्र प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत लांबणीवर टाकते. वृद्धाश्रमांतील रहिवाशांवर उपचार करणारा डॉक्टर म्हणून मला हा क्रम नेमका उलटा वाटतो, म्हणून हे पत्र.

समजा, सोमवारी सकाळी एक आजी नाश्त्याला हात लावत नाहीत आणि रोजच्या मदतनीस बाईंनाही ओळखत नाहीत. अंगात ताप नाही, त्यामुळे ‘वयामुळे होते’ असे म्हणून विषय संपतो. उतारवयात फ्लूमध्ये ताप येतोच असे नाही. अचानक आलेला गोंधळ, गळालेली शक्ती किंवा पडणे हेच कधी कधी पहिले लक्षण असते. बुधवारी त्यांच्याच टेबलावर जेवणाऱ्या आजोबांना ताप आणि खोकला सुरू होतो. एकमेकांपासून 72 तासांच्या आत दोन रहिवासी असे आजारी पडले, की साथ सुरू झाली असे धरूनच पुढची पावले उचलायची असतात.

त्याच दिवशी दोघांच्याही नाकातून स्वॅब घ्यावा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ऑसेल्टामिव्हिर लगेच सुरू करावे. उपचाराची नेहमीची मात्रा 75 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, 5 दिवस अशी असते. लक्षणे दिसल्यापासून 48 तासांत दिल्यास या औषधाचा सर्वाधिक उपयोग होतो, आणि अहवालासाठी थांबण्यात नेमका हाच वेळ वाया जातो. उशीर झाला तरी वयोवृद्ध रुग्णाला ते नाकारू नये. झटपट अँटीजेन चाचणी नकारात्मक आली म्हणून निश्चिंत होणेही चुकीचे आहे, कारण ती अनेक खरे रुग्ण हुकवते. शक्य असेल तेथे आरटी-पीसीआरच करावी.

दोघांपैकी एकाचा जरी अहवाल फ्लूचा आला, तरी त्या विभागातील ठणठणीत दिसणाऱ्या रहिवाशांनाही, लस घेतलेल्यांसह, हेच औषध प्रतिबंधासाठी दिवसातून एकदा सुरू करावे लागते. ते किमान 2 आठवडे द्यायचे, आणि शेवटचा नवा रुग्ण सापडल्यानंतर निदान 7 दिवस उलटेपर्यंत थांबवायचे नाही. येथे खरी अडचण मूत्रपिंडांची असते. त्यांची कार्यक्षमता कमी असलेल्यांना मात्रा कमी करावी लागते, आणि या वयात असे रहिवासी थोडे नसतात. ऐन साथीत चाळीस जणांचे रक्त तपासायला पाठवले तर दोन दिवस त्यातच जातात. म्हणून प्रत्येकाचे वजन, क्रिएटिनिनचा अलीकडचा आकडा आणि त्यावरून डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा यांची यादी फ्लूच्या हंगामाआधीच तयार हवी. ही यादी असलेल्या आश्रमात पहिली गोळी त्याच संध्याकाळी दिली जाते.

मात्र कर्मचारी आजारी असताना कामावर येत राहिले तर या गोळ्यांचा फारसा उपयोग होणार नाही. रहिवासी आपल्या विभागातच राहतात. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर फिरतात ते मदतनीस. पॅरासिटामॉल घेऊन ताप उतरवून कामावर आलेली व्यक्ती प्रवेशद्वारावरच्या तापमापीत सापडत नाही. औषधाशिवाय ताप उतरून किमान 24 तास झाल्याखेरीज तिला कामावर घेऊ नये, आणि त्यानंतरही खोकला असेल तर मास्क अनिवार्य असावा. पण रजेचा पगार कापला जाणार असेल तर कोणीही आजार सांगणार नाही, हे उघड आहे. भरपगारी आजारपणाची रजा कंत्राटी आणि बदली कामगारांनाही मिळायला हवी. त्यावरचा खर्च हा साथनियंत्रणाचाच खर्च मानावा. साथ चालू असेपर्यंत एका मजल्यावरील कर्मचाऱ्यांना दुसऱ्या मजल्यावर पाठवू नये.

भेटींबाबत मी सरसकट बंदीच्या विरोधात आहे. ज्यांना नातेवाईकाच्या हातूनच चार घास जातात, अशा रहिवाशांचे जेवण बंदीमुळे तुटते. सर्दी, खोकला किंवा ताप असलेल्यांना आणि लहान मुलांना तेवढ्या काळापुरते थांबवावे. इतरांनी मास्क लावून, हात स्वच्छ करून थेट आपल्या माणसाच्या खोलीत जावे आणि तेथूनच परत फिरावे. सामाईक दालनात बसू नये. आजारी रहिवाशाला भेटायचे असेल तर धोका आधी समजावून सांगावा. निरोगी दिसणारी व्यक्तीही लक्षणांच्या एक दिवस आधीपासून विषाणू पसरवू शकते, त्यामुळे दारावरची विचारपूस पुरेशी नसते आणि मास्क सर्वांनाच लागतो.

शेवटचा रुग्ण सापडल्यानंतर किमान आठवडाभर, रोज प्रत्येक रहिवाशाची लक्षणे नोंदवत राहावीत. त्या काळात नवा रुग्ण आढळला नाही, तरच सामाईक जेवण आणि नवे प्रवेश पुन्हा सुरू करावेत.

आपला,
एक वाचक