निकालाची तारीख कोणती धरायची? उच्च व तंत्र शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

तालुक्याच्या एका कॉलेजात मी शिकवतो आणि स्पर्धा परीक्षा केंद्रही सांभाळतो. दर उन्हाळ्यात तिसऱ्या वर्षाची मुलं एकच प्रश्न घेऊन येतात: "सर, निकाल लागला नाही, फॉर्म भरू का?" याचं उत्तर प्रत्येक परीक्षेगणिक बदलतं, आणि चुकीचं उत्तर मिळाल्याचं मुलाला कळतं ते थेट कागदपत्र तपासणीच्या टेबलावर.

एमपीएससीच्या राज्यसेवेचं त्यातल्या त्यात बरं आहे. शेवटच्या वर्षाला बसलेला उमेदवार पूर्व परीक्षेला तात्पुरता पात्र ठरतो. मुख्य परीक्षेचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत तो पदवी उत्तीर्ण झालेला असला म्हणजे झालं. यूपीएससीची नागरी सेवा परीक्षाही पूर्व परीक्षेला अशी सवलत देते. स्टेट बँक सोडली तर इतर सरकारी बँकांच्या अधिकारी भरतीत मात्र ती नाही. तिथे अर्ज नोंदवतानाच उमेदवार पदवीधर असावा लागतो. जाहिरातीत तारखेबद्दल काहीच म्हटलेलं नसेल, तर अर्जाची शेवटची तारीख धरायची, हे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये अशोक कुमार शर्मा प्रकरणात सांगून ठेवलं आहे. पेपर कधी संपले याला इथे किंमत नाही, निकाल कधी जाहीर झाला हेच बघतात.

हे नियम बदलून द्या असं मी म्हणत नाही, ते आपल्या हातातही नाहीत. माझं म्हणणं आहे ते आपल्या विद्यापीठांच्या कागदाबद्दल.

माझ्या एका विद्यार्थिनीचं उदाहरण घ्या. बँकेच्या अर्जाची मुदत 21 जुलैला संपत होती. तिचा निकाल 14 जुलैला संध्याकाळी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लागला. मी तिला आधीच बजावलं होतं, निकाल हातात आल्याशिवाय फॉर्मला हात लावायचा नाही. तिने 16 तारखेला अर्ज भरला. म्हणजे ती बिनचूक पात्र होती. छापील गुणपत्रिका पुढे कॉलेजात आली, आणि तिच्या खालच्या कोपऱ्यात तारीख होती 9 ऑगस्ट. ती छपाईची तारीख. निकाल कधी जाहीर झाला हे त्या कागदावर कुठेच नव्हतं.

बँका उत्तीर्ण झाल्याची तारीख गुणपत्रिकेवरून किंवा तात्पुरत्या पदवी प्रमाणपत्रावरून धरतात. निकाल आधी ऑनलाइन लागला असेल, तर तो कोणत्या तारखेला लागला याचं विद्यापीठाच्या सक्षम अधिकाऱ्याच्या सहीचं पत्र लागतं. मोबाइलवरचा स्क्रीनशॉट चालत नाही, आमच्या प्राचार्यांचा शिक्काही चालला नाही. ती मुलगी वडिलांना घेऊन एसटीने विद्यापीठात गेली. पहिल्या खिडकीवर सांगितलं, असा नमुनाच आमच्याकडे नाही. दुसऱ्या खेपेला अर्ज घेतला. तिसऱ्या खेपेला पत्र मिळालं, मुलाखतीच्या आदल्या दिवशी. त्यात मजकूर होता जेमतेम दोन ओळींचा.

तिच्याच वर्गातल्या एका मुलाला असं पत्रही उपयोगी पडलं नसतं. मागच्या सेमिस्टरचा एक विषय तो एटीकेटीतून सुटला होता, पण ते गुण नोंदले गेले नव्हते म्हणून त्याचा निकाल राखीव ठेवला होता. तो मोकळा झाला तोवर 21 जुलै उलटून गेली होती. परीक्षा तो वेळेत पास झाला होता, कागदोपत्री मात्र पदवीधर नव्हता.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, 2016 मधल्या कलम 89 प्रमाणे निकाल शक्यतो 30 दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांच्या आत लागायला हवा. उशीर झाला तर त्याची कारणं देणारा अहवाल कुलपतींना आणि आपल्या शासनाला द्यावा लागतो. म्हणजे हे अहवाल आपल्याकडे येत असणार. ते जाहीर करा. आणि त्यात 'निकाल राखीव' असलेली मुलं वेगळी मोजायला लावा, कारण विद्यापीठ निकाल वेळेत लागला म्हणतं तेव्हा ही मुलं हिशेबात धरलेली असतात की नाही, ते बाहेरच्याला कळत नाही.

दुसरी मागणी याहून सोपी आणि जवळजवळ बिनखर्चाची आहे. गुणपत्रिकेवर छपाईच्या तारखेशेजारी 'निकाल जाहीर झाल्याचा दिनांक' असा वेगळा रकाना असावा. शिवाय निकाल लागेल त्याच दिवशी परीक्षा नियंत्रकांच्या डिजिटल सहीचं, हीच तारीख सांगणारं प्रमाणपत्र मुलाला स्वतःच्या लॉगिनमधून उतरवून घेता यावं. पुनर्मूल्यांकनात पास झालेल्यांची कोणती तारीख धरायची, हेही त्याच कागदावर स्पष्ट लिहिलेलं असावं. आज त्याचं उत्तर खिडकीगणिक वेगळं मिळतं.

त्या मुलीची गुणपत्रिका आणि तिला मिळालेलं दोन ओळींचं पत्र, दोन्हींची झेरॉक्स तिच्या परवानगीने, नाव आणि आसन क्रमांक खोडून सोबत जोडली आहे. दोन्ही कागदांवरच्या तारखा तेवढ्या शेजारी ठेवून पाहाव्यात.

आपला,
तालुक्याच्या कॉलेजातला एक प्राध्यापक